मानेचा एमआरआय : नळीत शिरायची धास्ती, तयारी कशी करू?

शर्वरी_क
नमस्कार मंडळी. डाव्या हाताला बरेच दिवस मुंग्या येतायत, अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट बधिर होतं. हाडांच्या डॉक्टरांनी मानेचा एमआरआय करायला सांगितलाय. मागच्या आठवड्यात गेले होते. टेबलावर आडवी होईपर्यंत सगळं ठीक होतं. मग तोंडावर तो पांढरा पिंजरा ठेवला, खट्ट करून बसला आणि टेबल आत सरकायला लागलं. डोळे उघडले तर छत अगदी तोंडाशी! छाती धडधडायला लागली, दोन्ही हातांना आणि ओठांभोवती मुंग्या आल्या, श्वासच पुरेना. हातातला फुगा दाबला आणि बाहेर आले. तिथला मुलगा एवढंच म्हणाला, "मॅडम, लहान पोरंसुद्धा करतात." त्यावर काय बोलणार.

आता शनिवारची वेळ मिळालीय. लिफ्टमध्ये मला काही होत नाही, पण तोंडावरून पांघरूण घेऊन झोपणं लहानपणापासून जमत नाही. "मन घट्ट कर" हे घरात सगळ्यांनी सांगून झालंय. ज्यांना आतलं काही माहीत आहे त्यांनी सांगा, या दिवसांत नक्की काय करू?

अण्णा_मिरजकर
अहो, एवढं काय घाबरायचं? माझा मागच्या वर्षी पोटाचा झाला. हात डोक्यावर घ्यायला लावले, सुई टोचली, अंगातून गरम लाट गेली, "श्वास रोखा, सोडा" दोन-तीनदा म्हणाले, पाच-सात मिनिटांत मी बाहेर चहा पीत होतो. नळीबिळी काही नाही, एक मोठी कडी होती फक्त.

चुंबकवाला
अण्णा, तुमचा झाला तो सीटी स्कॅन. त्याची कडी अरुंद पट्ट्याएवढी, तोंड बाहेरच राहतं आणि काम मिनिटांत उरकतं. शर्वरीताईंचं प्रकरण वेगळं आहे. मी एमआरआयचा टेक्निशियन आहे, बरीच वर्षं हेच काम करतोय. रात्री सविस्तर लिहितो.

अण्णा_मिरजकर
असं होय! फायलीवर काय लिहिलंय ते सुनेला विचारतो. पण गरम लाट खरी होती हो.

निनाद७
सरळ ओपन एमआरआय शोधा. दोन्ही बाजू मोकळ्या असतात, भीतीचा प्रश्नच संपला. नवीन तंत्रज्ञान आहे, रिपोर्टही जास्त चांगला येतो. ही बंद नळीची मशिनं जुनी झाली आता.

स्नेहल_पणजी
मी मेंदूचा केलाय, ताळगावला राहते तेव्हा. मला पण ह्याच पिंजऱ्याने घाम फोडला होता. पण माझ्या पिंजऱ्यावर आरसा होता, तिरका. त्यातून पायाकडची खिडकी आणि खिडकीमागे बसलेली टेक्निशियन मुलगी दिसायची. ती मधेच चिप्स खात होती. ते बघून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू, म्हटलं हिला जर एवढी भूक आहे तर माझं काही गंभीर नसणार. तुम्हाला आरसा दिला नव्हता का?

शर्वरी_क
@स्नेहल, नाही हो, आरसा असतो हेच माहीत नव्हतं. @अण्णा, हसवलंत.

चुंबकवाला
आता निवांत लिहितो. आधी ओपनचं. निनाद, मोकळेपणाबद्दल तुमचं बरोबर आहे, बाकीचं नाही. आपल्याकडे बहुतेक ओपन मशिनांचं चुंबक कमी ताकदीचं असतं, ०.२ ते ०.४ टेस्लाच्या आसपास. नेहमीची नळी १.५ किंवा ३ टेस्लाची. ताकद कमी म्हणजे सिग्नल कमी, मग चित्र भरून काढायला वेळ जास्त लागतो. गुडघा असेल तर बऱ्याचदा चालून जातं. पण मानेत मज्जारज्जूतून बाहेर पडणारी बारीक नस कुठे दबलीय ते बघायचं असतं. तिथे चित्र धूसर आलं तर डॉक्टर परत नळीतच पाठवतील. म्हणून ओपन करायचाच असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, चालेल का.

मधला रस्ता आहे, तो लोकांना माहीत नसतो. जुन्या नळ्यांचा व्यास ६० सेंटीमीटर, बऱ्याच नव्या मशिनांचा ७०. ऐकायला दहाच सेंटीमीटर वाटतात, पण आत झोपल्यावर खांदे भिंतीला घासत नाहीत आणि छत वर जातं. ताकद तीच राहते, चित्रही. सेंटरला फोन करून सरळ विचारा, "तुमच्या मशीनचा बोअर साठ आहे की सत्तर?" रिसेप्शनवरच्या व्यक्तीला माहीत नसेल तर टेक्निशियनला फोन द्यायला सांगा. त्याला माहीत असतंच.

आता आत काय होतं ते. नळी जेमतेम दीड-पावणेदोन मीटर लांब असते आणि दोन्ही टोकांना उघडी. मान मधोमध आणावी लागते, त्यामुळे डोकं आत जातंच, त्याला इलाज नाही. पण मांड्यांच्या खालचे पाय बाहेर असतात. आत पंखा असतो, दिवा असतो. पंखा कमी-जास्त करता येतो. चेहऱ्यावर वारा लागला की गुदमरल्यासारखं कमी वाटतं, म्हणून आधीच "पंखा जोरात ठेवा" म्हणा. पिंजरा म्हणजे कॉइल, सिग्नल पकडणारी अँटेना. ती अंगाला जितकी जवळ तितकं चित्र चांगलं, म्हणून तोंडावर येते. तिला कुलूप नसतं, फक्त खाचेत बसते. आधी ती हातात घेऊन बघा, स्वतः लावून-काढून बघा. चांगला टेक्निशियन नाही म्हणणार नाही. काही मशिनांवर मानेच्या तपासणीला तोंडावरचा भाग न लावताही भागतं, तेही विचारा.

फुगा दाबलात ते चांगलंच केलंत. तो त्यासाठीच असतो. पण शनिवारी एक वेगळा करार करा. फुगा दाबला की लगेच पूर्ण बाहेर नाही, आधी तो माईकवर बोलेल, तुम्ही उत्तर द्याल. तरीही नको वाटलं तर बाहेर. आणि सुरू करण्याआधी एकदा नुसतं आत-बाहेर करून दाखवायला सांगा, मशीन चालू न करता. बहुतेकांची भीती त्या पहिल्या सरकण्यातच असते.

आवाजाचं. मशीन काही करत नसतानाही एक टिक-चुक, टिक-चुक चालूच असतं. तो चुंबक थंड ठेवणारा पंप, दिवसरात्र चालतो. तो ऐकून "सुरू झालं" असं समजू नका. मग एक अर्ध्या मिनिटाचा लहान स्कॅन होतो, नुसती जागा बघायला. त्यानंतर मानेला साधारण चार-पाच सीरिज, एकेक दोन ते पाच मिनिटांची. प्रत्येकीचा आवाज वेगळा: ठकठक, घर्रर्र, मधेच टेबलही थरथरतं. आत चुंबकाच्या गुंडाळ्यांमधून झपाट्याने करंट चालू-बंद होतो, त्या हिसक्याने त्या थरारतात, त्याचा हा गोंगाट. कानात बोळे आणि वर हेडफोन, दोन्ही मागा. एकूण वीस मिनिटं धरा, इंजेक्शन नसेल तर.

टपोरा_बगळा
सगळं ठीक, पण लोखंड सोडून जा बाई. २०१८ साली मुंबईत एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर आत नेला आणि चुंबकाने तो माणसासकट खेचला. माणूस गेला बिचारा.

शर्वरी_क
हे आत्ताच सांगायचं होतं का? 🙏

चुंबकवाला
बगळोबा, खरी गोष्ट आहे, पण ताईंच्या पोटात गोळा आणून काय मिळालं? तो अपघात रुग्णाला आत घेण्याच्या वेळी, खोलीत नको ती वस्तू शिरल्याने झाला. यातून घ्यायचं एवढंच, की चुंबक कधीच बंद नसतं. मशीन शांत असलं तरी. म्हणून आम्ही दारात तीच तीच चौकशी करतो. त्याला वैतागू नका. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानात बसवलेलं यंत्र, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, हे फॉर्मवर खरं लिहा. साडी नेसून येणार असाल तर सेफ्टी पिना मोजून काढा, निऱ्यांतली एक हमखास राहते. मंगळसूत्र, जोडवी, केसांच्या पिना, कानातली यंत्रं घरीच ठेवलेली बरी. जोडवी चांदीची आहेत, खेचली जात नाहीत, असं म्हणून ठेवू नका. खेचली गेली नाहीत तरी धातू तापू शकतो. औषधाची पट्टी चिकटवली असेल तर तीही सांगा, काहींच्या मागे धातूचा पातळ थर असतो.

याला लागूनच एक. घाबरलेला माणूस आपोआप हात जोडून पोटावर घेतो. ते करू नका. दोन्ही हातांची बोटं गुंफली की अंगातच एक बंद वेटोळं तयार होतं आणि जिथे कातडी कातडीला टेकते तिथे तापू शकतं. हात बाजूला, मधे चादर. पायही एकावर एक नकोत.

निनाद७
ओके, ओपनबद्दल माझा गैरसमज होता, वडिलांचा गुडघा तिथे छान झाला होता म्हणून लिहिलं.

गंधाली_एस
सोपा उपाय सांगते. माझे मिस्टर झोपेसाठी अल्प्राझोलामची गोळी घेतात. मी माझ्या पाठीच्या एमआरआयच्या आधी त्यातली अर्धी घेतली होती. काही कळलं नाही. कुणाकडे असेल तर घेऊन टाका, डॉक्टरच्या फिया कशाला.

भूलवाली
गंधाली, कृपया असं सांगू नका. मी भूलतज्ज्ञ आहे. गोळी हा वाईट उपाय नाही, मीसुद्धा लोकांना देते. पण कुणाला किती, हे त्या माणसावर आहे. रात्री जोरात घोरणारा, झोपेत श्वास अडकणारा, दम्याचा, वयस्कर, मुंग्यांसाठी आधीच दुसऱ्या गोळ्या चालू असलेला. शर्वरी, नसांच्या दुखण्यावर तुम्हाला काही चालू आहे का? त्यातल्या काही गोळ्यांनी मुळातच गुंगी येते, वर ही दिली की दोन्हींचा परिणाम एकत्र होतो. त्यामुळे ज्यांनी एमआरआय लिहून दिलाय त्यांनाच फोन करा, सांगा की एकदा अर्धवट राहिला, गोळी लिहून द्याल का.

लिहून दिली तर ती अर्धा ते एक तास आधी घ्यायची. दारात पोचल्यावर घेतली की परिणाम परत येताना रिक्षात सुरू होतो. बरोबर कुणीतरी हवं आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही, सहीसुद्धा महत्त्वाच्या कागदावर नको. अजून एक गोष्ट लोकांना उलटी वाटते: गोळीने गाढ झोप लागलेली आम्हाला नको असते. झोपलेला माणूस घोरतो, मान झटकतो, चित्र बिघडतं. धार बोथट झाली की पुरे.

शिरेतून औषध देऊन करणं हा पुढचा टप्पा. त्याला भूलतज्ज्ञ समोर हवा, चुंबकाजवळ चालणारा मॉनिटर हवा, आणि सहा तास आधीपासून जेवण बंद. प्रत्येक सेंटरला ही सोय नसते. तुमच्या वर्णनावरून त्याची गरज पडेल असं मला वाटत नाही, पण ते समोर बघूनच ठरतं.

आता तुमच्या पहिल्या वाक्यांबद्दल. दोन्ही हातांना आणि ओठांभोवती मुंग्या आल्या असं तुम्ही लिहिलंत. मानेच्या दुखण्याच्या मुंग्या तुमच्या डाव्या अंगठ्याला. ओठांना मानेची ती नस जात नाही. या दुसऱ्या मुंग्या भराभर श्वास घेतल्याच्या. घाबरलं की आपण छातीने भसाभस हवा आत घेतो, त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड खूप कमी होतो, त्याने मुंग्या येतात, गरगरतं आणि गंमत म्हणजे श्वास पुरत नाही असंच वाटतं. म्हणून माणूस आणखी जोरात घेतो. आत हवा कमी नव्हती, तुम्ही जास्त घेत होतात.

शर्वरी_क
हे वाचून मी दोनदा वर जाऊन स्वतःचंच लिहिलेलं पाहिलं. मला वाटलं होतं मानेचंच काहीतरी वाढलं. रात्रीची एक गोळी चालू आहे नसांसाठी, डॉक्टरांना उद्या फोन करते.

मुक्ताई
मी समुपदेशक आहे, भीतीचीच कामं करते. भूलवाली म्हणाल्या त्याच्या पुढचं सांगते. श्वास "खोल घ्या" असं सांगतात, ते अशा वेळी उलटं पडतं. घेण्यावर नको, सोडण्यावर लक्ष द्या. नाकाने साधा घ्या, आणि चार-सहा आकडे मोजत सावकाश सोडा. पोट हलू द्या, छाती नको. घरी रोज दहा मिनिटं, तेही आडवं होऊन, म्हणजे शरीराला त्या अवस्थेची ओळख राहते.

शनिवारला अजून आठवडा आहे, त्याचा असा उपयोग करा. तुमची भीती नळीची कमी आणि तोंडावर काही येण्याची जास्त दिसते. मग सराव त्याचाच. पहिल्या दिवशी पलंगावर उताणं पडून तोंडाच्या वर पिठाची चाळण धरा, टेकवू नका. भीती दहापैकी किती ते मनात ठरवा. सहा वाटली तर तशीच धरून ठेवा, उतरून तीनवर येईपर्यंत. लगेच काढली तर मेंदू शिकतो की काढली म्हणून वाचलो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भाजीची प्लास्टिकची जाळीदार टोपली तोंडावर ठेवायची. मग तीच टोपली ठेवून जेवणाच्या टेबलाखाली डोकं सरकवून झोपायचं, आणि मोबाईलवर एमआरआयचा आवाज लावायचा, रेकॉर्डिंगं सहज मिळतात. शेवटी वीस मिनिटं सलग. एक पायरी नाहीच जमली तर आदल्या पायरीवर या. सरावाने धडधड पूर्ण जाईलच असं मी म्हणणार नाही. पण धडधडत असताना पडून राहता येतं, हे अंगाला कळतं.

मात्र लहानपणी कुठे कोंडलं गेलं होतं वगैरे काही असेल तर एकटीने करू नका.

टपोरा_बगळा
टेबलाखाली टोपली घालून वहिनी झोपल्यात आणि वरून आमटी वाढली जातेय, हे चित्र डोळ्यांसमोरून जाईना. (पण आयडिया भारी आहे.)

अण्णा_मिरजकर
सुनेने फाईल काढली. सीटीच होता. तर मग माझा सल्ला मागे. एक मात्र सांगतो, मनात अथर्वशीर्ष म्हणा. माझं एक आवर्तन चार-पाच मिनिटांत होतं. चुंबकवाल्यांच्या हिशेबाने एका सीरिजला एक. चार आवर्तनं झाली की आलाच बाहेर.

चुंबकवाला
अण्णा, हा मात्र कामाचा सल्ला! किती वेळ झाला हे कळत नाही, त्यानेच लोक जास्त घाबरतात. पण मनात. ओठ हलले की जबडा हलतो, जबडा हलला की मान. आणि आम्हाला सांगून ठेवा, "प्रत्येक सीरिजआधी किती मिनिटांची आहे ते माईकवर सांगा." ऐकणारा टेक्निशियन भेटला तर निम्मं काम झालं. गर्दीच्या वेळी आमचीही घाई होते, खोटं कशाला बोलू. शक्यतो सकाळची पहिली वेळ मागा.

स्नेहल_पणजी
गिळायचं काय हो? मला तर "हलू नका" म्हटल्याबरोबर तोंडात पाणी सुटलं. आणि नाकाला खाज.

चुंबकवाला
आवाज थांबला की गिळा, खोका, नाकपुडी हलवा. पण डोकं जागचं हलवू नका, पुढची सीरिज त्याच जागेवर घ्यायची असते. आवाज चालू असताना गिळलं तर तेवढी सीरिज धूसर होते, ती परत घेतात. आधीच्या झालेल्या राहतात. म्हणजे ताई, तीन झाल्या आणि चौथीला बाहेर आलात तरी सगळं पाण्यात जात नाही. हां, मान दुखते म्हणताय तर गुडघ्यांखाली उशी मागा, पाठ टेकते आणि खांदे सैल पडतात.

मुक्ताई
आरशाबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे. ज्यांची भीती "तोंडावर काहीतरी आलं" ही आहे त्यांनी आत जाण्याआधीच डोळे मिटावेत, वर रुमाल ठेवावा, आणि बाहेर आल्यावरच उघडावेत. शर्वरीने मध्येच उघडले आणि घात झाला.

स्नेहल_पणजी
छे, मी डोळे मिटले की मला शवपेटीच दिसते. मला बघायला लागतं.

भूलवाली
दोन्ही प्रकारची माणसं बघितली आहेत. टोपलीखाली दोन्ही करून बघा, जे जमेल ते.

शर्वरी_क
आजचा अहवाल. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, शिवाय त्या दिवसाआधीच्या रात्री नसांची गोळी वगळायला सांगितली. जुन्या सेंटरचा बोअर साठच निघाला. पलीकडच्या सेंटरचा सत्तर, पैसे थोडे जास्त. सकाळची पहिली वेळ मिळाली. चाळणीला भीती चार, टोपलीला सात, टेबलाखाली आठ. नवऱ्याने आवाज लावला तेव्हा मांजर पळून गेलं. आठवरून पाचाच्या खाली काही येत नाहीये.

मुक्ताई
पाच चालेल. उद्या टेबलाखालून पाय बाहेर आहेत हे मुद्दाम हलवून बघा, आणि वेळ वाढवा, पायरी नको.

शर्वरी_क
झाला! सविस्तर लिहिते, पुढच्यांना उपयोग होईल. पिंजरा आधी हातात घेऊन पाहिला, खाच पाहिली, त्याचाच फार फायदा झाला. नुसतं आत-बाहेर करून दाखवलं. आरसा होता, पण मी डोळे मिटून रुमाल घेतला. पंखा जोरात. टिक-चुक ओळखता आलं. पहिल्या सीरिजला धडधड भरपूर, सोडण्याचा श्वास मोजत राहिले. ओठांना मुंग्या यायला लागल्या तेव्हा भूलवालींचं आठवून मुद्दाम हळू केलं, थांबल्या. तिसऱ्या सीरिजला गिळलं, ती परत घ्यावी लागली, तेव्हा मात्र रडू आलं आणि फुगा दाबला. त्याने माईकवर विचारलं, मी म्हटलं दोन मिनिटं थांबा. बाहेर काढलं नाही, थांबला. मग पुढचं झालं. अथर्वशीर्ष तिसऱ्या आवर्तनात विसरले, मग पाढे म्हटले. रिपोर्ट परवा.

गोळीने किती झालं आणि सरावाने किती, सांगता येणार नाही. आणखी एकदा करायला सांगितला तर आनंदाने जाईन असंही नाही.

भूलवाली
मस्त! रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडेच जा, "डिस्क बल्ज" वाचून इथे येऊन घाबरू नका. चाळिशीनंतर तसं बऱ्याच जणांच्या रिपोर्टात लिहिलेलं असतं, काही त्रास नसतानाही.

निनाद७
अभिनंदन. त्याच धाग्यात विचारतो, वडिलांना आता पेसमेकर बसवलाय आणि कंबरेचा एमआरआय सांगितलाय. ओपनमध्ये चालेल ना? चुंबक कमी ताकदीचं आहे म्हणालात.

चुंबकवाला
नाही, कमी ताकद म्हणून आपोआप चालतं असं अजिबात नाही. पेसमेकरबरोबर मिळालेलं कार्ड घ्या, त्यावर मॉडेल लिहिलेलं असतं. काही मॉडेलं एमआरआयला चालणारी असतात, पण ठरलेल्या ताकदीवर आणि आधी सेटिंग बदलूनच. काही चालत नाहीत. कार्ड हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा, त्यांनी सेंटरशी बोलू दे. तोपर्यंत वेळ घेऊ नका. आणि नवा धागा काढा, इथे हरवून जाईल.

अण्णा_मिरजकर
शर्वरी, आवर्तन कुठल्या ओळीला विसरलीस?